गुडघेदुखीसाठी शल्लकी आणि एमएसएम: डबीवरचा डोस, चाचण्यांतला डोस आणि आईचं बिघडलेलं पोट

शेवंती_डिचोली
नमस्कार मंडळी. आईचं वय 64. गेली काही वर्षं गुडघे दुखतात, उजवा जास्त. घर चढावर आहे, अंगणातून वर यायला पायऱ्या आहेत आणि उतरताना तिला कठड्याला धरूनच यावं लागतं. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, झीज दुसऱ्या पायरीची आहे, ऑपरेशनचा विषय आत्ता नाही, वजन थोडं कमी करा आणि मांडीचे व्यायाम करा.

चतुर्थीला आलेला आतेभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याने एमएसएमची पावडर आणली, तिकडे सगळे घेतात म्हणाला. शेजारच्या काकींनी बॉस्वेलियाच्या, म्हणजे शल्लकीच्या, कॅप्सूल सुचवल्या, त्या मी ऑनलाइन मागवल्या. आई दोन्ही घेऊ लागली. गुडघ्याचं सोडा, पोटच बिघडलं. सकाळी दोन-तीनदा पातळ होतं आणि रात्री छातीत जळजळतं. आई म्हणते दोन्ही फेकून दे. मला फेकण्याआधी समजून घ्यायचंय. या दोन्हींचा खरंच उपयोग होतो का, किती घ्यायचं असतं, आणि पोट यातल्या नक्की कशामुळे बिघडलं?

कुळागरवाला
ताई, बॉस्वेलिया म्हणजे आपली सालई. त्याचा डिंक आपल्याकडे शेकडो वर्षं औषधात आहे. वनस्पतीची गोष्ट आहे, ती पोट बिघडवणार नाही. एमएसएम म्हणजे गंधकाचं संयुग, गंधक कांदा-लसणीतही असतं. माझ्या मते आई ते जेवणानंतर घेत असणार आणि म्हणून अन्नाबरोबर आंबत असणार. सकाळी अनशा पोटी गरम पाण्यातून द्या, नीट लागू पडेल. सुरुवातीला पोट साफ होतं, ते चांगलंच असतं, शरीरातली घाण निघते.

फार्मा_बांदोडा
मी बरीच वर्षं फार्माकॉलॉजी शिकवलं आहे, म्हणून लिहितो. कुळागरवाला, सालईची परंपरा जुनी आहे हे तुमचं बरोबर. पण जुलाब म्हणजे घाण निघणं नव्हे. आतड्यात न शोषलेलं काहीतरी पाणी ओढून धरतंय किंवा आतडं चिडलंय, एवढाच त्याचा अर्थ. चौसष्ट वर्षांच्या बाईला, त्यात बीपीची गोळी चालू असेल तर, रोज पातळ होणं बरं नाही.

शेवंती, उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा. पावडर कोणत्या चमच्याने आणि किती घेते? कॅप्सूलच्या डबीवर मागच्या बाजूला नेमकं काय लिहिलंय? दोन्ही जेवणाआधी की नंतर? आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची: याशिवाय ती कोणकोणत्या गोळ्या घेते? मेडिकलमधून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या.

मोले_नाका
माझा अनुभव सांगते. मी शल्लकीच्या गोळ्या सहा महिने घेतल्या, काडीचा फरक नाही. माझी बोटं आणि मनगटं दुखतात, दोन्ही हातांची. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, बोटांची पेरं सुजतात. तेव्हा पैसे वाया घालवू नका हाच सल्ला.

फार्मा_बांदोडा
मोले_नाका, तुमचा त्रास शेवंतीच्या आईच्या त्रासापेक्षा वेगळा वाटतो. दोन्ही हातांचे लहान सांधे, सूज आणि सकाळी तासाहून जास्त आखडणं, ही झिजेची लक्षणं नव्हेत. अशा वेळी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रक्तचाचण्या करून घ्याव्या लागतात, आणि लवकर. कारण त्या आजारात उशीर झाला की सांध्याचं कायमचं नुकसान होतं आणि त्याची औषधं पूर्णपणे वेगळी आहेत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा तुमच्या जवळच्या फिजिशियनला याच महिन्यात दाखवा. तुम्हाला शल्लकी लागू पडली नाही यावरून गुडघ्याच्या झिजेबद्दल काही ठरवता येणार नाही.

मोले_नाका
रक्त तपासलेलं नाही. एक्स-रे नॉर्मल होता म्हणून सोडून दिलं होतं. दाखवते.

शेवंती_डिचोली
सर, आईला विचारून लिहितेय.

पावडरीबरोबर आलेला मापाचा चमचा हरवला. ती स्वयंपाकघरातला चहाचा चमचा वापरते, शिगोशीग भरून दोन, सकाळी चहाच्याही आधी पाण्यातून. तुमचा प्रश्न वाचून मी तो आमच्या सोनाराकडे तोलून आणला. एक शिगेचा चमचा पाच ग्रॅमच्या आसपास भरला. डबीवर दिवसाला 3 ग्रॅम लिहिलंय.

कॅप्सूलवर: बॉस्वेलिया सेराटा अर्क 500 मिग्रॅ, बॉस्वेलिक आम्लं 65 टक्के. सकाळी एक, रात्री एक. तीही रिकाम्या पोटी, कारण काकी म्हणाल्या तशीच घ्यायची.

बाकी बीपीची टेल्मिसार्टन आहे. आणि आत्ता विचारल्यावर कळलं की रात्री गुडघा ठणकला की ती मेडिकलमधली दुखण्याची गोळी घेते. पाकीट पाहिलं, ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटॅमॉल. आठवड्यातून चार-पाच रात्री. कधी पेज जेवून, कधी तशीच.

फार्मा_बांदोडा
या माहितीवरून बरंच उलगडतं. तुमच्या घरात एकाच वेळी तीन गोष्टी पोटावर काम करताहेत आणि त्रास दोन प्रकारचे आहेत. ते वेगळे करून पाहू.

आधी पातळ होणं. आई रोज सकाळी अनशा पोटी एका फटक्यात दहा ग्रॅम एमएसएम घेतेय. गुडघेदुखीवरच्या चाचण्यांत जो सर्वांत मोठा डोस सापडतो तो दिवसाला 6 ग्रॅम, आणि तोसुद्धा तीन-तीन ग्रॅम असा दोनदा विभागून. पोट फुगणं, मळमळ, पातळ होणं हे एमएसएमचे नेहमीचे त्रास आहेत, डोस वाढला आणि एकदम घेतला की जास्त. वेळही जुळते: सकाळी घेते, सकाळीच पातळ होतं. माझा पहिला संशय पावडरीवर आहे.

आता रात्रीची जळजळ. शल्लकीनेही काहींना पोटात जळजळ, मळमळ किंवा जुलाब होतात, ते अशक्य नाही. पण ॲसिक्लोफेनॅक हे जठराच्या अस्तरावर थेट परिणाम करणारं औषध आहे. ते आठवड्यात चार-पाच रात्री, कधी रिकाम्या पोटी, या वयात, हे जळजळीचं जास्त सबळ कारण आहे. आणि टेल्मिसार्टन चालू असताना असल्या गोळ्या वारंवार घेतल्या तर मूत्रपिंडावर ताण येतो, बीपीही वाढू शकतं. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होत असेल तर आणखीच. म्हणून हे फक्त पोटापुरतं पाहू नका. डॉक्टरांना सांगून क्रिएटिनिन तपासून घ्या. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा चक्कर आली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात न्या.

टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करू नका. एमएसएम आजपासून पूर्ण बंद करा. दुखण्याच्या गोळीऐवजी काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. गुडघ्याला लावायचा डायक्लोफेनॅकचा जेल असतो, त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं, तो चालेल का हेही विचारा. शल्लकी तूर्त चालू ठेवा, पण जेवणानंतर. सगळं एकदम बंद केलंत तर पोट बरं होईल, पण कशामुळे बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

रामनाथी
शल्लकी जेवणानंतर का? मी तर सगळीकडे उलट वाचलंय.

फार्मा_बांदोडा
बॉस्वेलिक आम्लं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, ती स्निग्ध पदार्थांबरोबर शोषली जातात. निरोगी माणसांना तोच अर्क एकदा उपाशीपोटी आणि एकदा भरपूर तुपा-तेलाच्या जेवणाबरोबर देऊन रक्त तपासलं गेलंय. जेवणाबरोबर घेतल्यावर रक्तातलं प्रमाण काही पटींनी जास्त निघालं. आपल्याकडे दुपारचं शीत-हुमण नारळाच्या रसातलंच असतं, त्यावर घेतली की झालं. उपाशीपोटी घेतली तर बरीचशी आतड्यातूनच पुढे निघून जाते, आणि पोटाला त्रास झाला तर तो मात्र होतोच.

वैद्य_सत्तरी
मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. जेवणानंतर घेण्याबद्दल सहमत. आम्हीही शल्लकी तुपाबरोबर किंवा जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर देतो. ज्यांची पित्तप्रकृती आहे, ज्यांना आधीच आम्लपित्त आहे, त्यांना कमी मात्रेने सुरू करते.

एक मुद्दा मात्र मांडायचा आहे. आम्ही डिंक शुद्ध करून देतो, पेशंट टिकून घेतात आणि त्यांना बरं वाटतं. तुम्ही लोक टक्क्यांत आणि मिलिग्रॅमात अडकता. एकच आम्ल वेगळं काढून ते वाढवलेला अर्क म्हणजे सालई नव्हे.

गणित_मडगाव
वैद्यताई, पेशंटना बरं वाटतं हे मी नाकारत नाही. पण गुडघ्याच्या झिजेत दुखणं आपोआप कमी-जास्त होत असतं. माणूस औषध सुरू करतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं तरी थोडं खाली येणारच. शिवाय नुसती साखरेची गोळी दिलेल्या लोकांनाही गुडघ्याच्या चाचण्यांत बरंच बरं वाटतं. म्हणून तुलनेसाठी तशा गोळीवरचा दुसरा गट लागतो. सर, बॉस्वेलियाच्या चाचण्या खरंच किती चांगल्या आहेत? मी एक सारांश वाचला, त्यात 7 चाचण्या, 545 माणसं आणि निष्कर्ष "परिणामकारक" असं होतं. सात चाचण्यांत मिळून एवढीच माणसं, हे मला फार कमी वाटतं.

फार्मा_बांदोडा
कमीच आहेत. एकेक उघडून पाहू या, कारण शेवंतीच्या डबीचा प्रश्नही त्यातच सुटतो.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो 2003 च्या नागपूरच्या चाचणीचा. गुडघ्याच्या झिजेची 30 माणसं. निम्म्यांना आधी आठ आठवडे औषध, मग तीन आठवडे काही नाही, मग आठ आठवडे खोटी कॅप्सूल. उरलेल्यांना उलट क्रमाने. डोस 333 मिग्रॅ दिवसातून तीनदा, म्हणजे एक ग्रॅम अर्क, त्यात 40 टक्के बॉस्वेलिक आम्लं. निकाल असा की औषधावर असताना सगळ्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये फरक नव्हता. मला यातलं "सगळ्यांचं" खटकतं. दुखण्याचं कोणतंही औषध शंभर टक्के लोकांना लागू पडत नाही. माणसं कमी असली, किंवा आपण कोणती कॅप्सूल घेतोय हे पेशंटना वासा-चवीवरून कळत असलं, तर असे निकाल येऊ शकतात.

2007 मध्ये नागपूरलाच 66 लोकांवर आणखी एक चाचणी झाली. सहा महिन्यांची, तोच 333 मिग्रॅ तीनदा, समोर वाल्डेकॉक्सिब हे वेदनाशामक. पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही काय चाललंय ते माहीत होतं, साखरेच्या गोळीचा गट नव्हता, म्हणून पुरावा म्हणून ती कच्ची. पण एक निरीक्षण उपयोगाचं आहे. वाल्डेकॉक्सिबचा परिणाम महिन्याभरात दिसला आणि गोळी थांबताच संपला. शल्लकीचा परिणाम दिसायला दोन महिने लागले आणि ती थांबवल्यावरही महिनाभर टिकला. पंधरा दिवस घेऊन "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिसरा प्रकार वेगळ्या अर्काचा. त्यात एकेबीए नावाचं एक विशिष्ट बॉस्वेलिक आम्ल 30 टक्क्यांपर्यंत वाढवलेलं असतं. 2008 च्या चाचणीत 75 माणसं, 90 दिवस, दिवसाला 100 किंवा 250 मिग्रॅ, समोर खोटी गोळी. दुखणं कमी झालं, मोठ्या डोसवर तर आठवड्याभरातच. ही चाचणी आणि तिच्या मागून आलेल्या बऱ्याचशा चाचण्या तो अर्क बनवणाऱ्यांशी संबंधित लोकांनीच केल्या आहेत. त्यामुळे त्या खोट्या ठरत नाहीत, पण कुणी बाहेरच्याने मोठ्या संख्येवर करून दाखवेपर्यंत मी आकडे जरा खालीच धरतो. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014 च्या आढाव्यात अशा 100 मिग्रॅ अर्काने 100 पैकी साधारण 17 गुणांनी दुखणं खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झाल्याचं आहे, पण ते दोन चाचण्यांतल्या 85 माणसांवरून.

माझं मत असं: शल्लकीने झिजेच्या दुखण्यात थोडा-मध्यम आराम पडण्याची शक्यता बरी आहे. कूर्चा परत वाढते असं कुणी म्हणत असेल तर माणसांमध्ये तसं दाखवलेलं नाही.

शेवंती_डिचोली
मग आईच्या कॅप्सूल यातल्या कोणत्या? त्यावर 65 टक्के आहे, म्हणजे 40 पेक्षा चांगल्या ना?

फार्मा_बांदोडा
हिशेब करू. 500 मिग्रॅच्या दोन, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम अर्क. तो नागपूरच्या डोसाइतकाच झाला. 65 टक्के धरले तर 650 मिग्रॅ आम्लं, नागपूरला सुमारे 400. कागदावर तुमचा डोस पुरेसा आहे, वाढवायची गरज नाही.

पण 65 टक्के म्हणजे जास्त चांगलं असं लगेच धरू नका. हा आकडा बऱ्याचदा अशा साध्या रासायनिक पद्धतीने काढतात जिच्यात डिंकातली सगळीच आम्लं एकत्र मोजली जातात. दुसरा कुठला स्वस्त डिंक मिसळला तरी त्यातली आम्लंही त्याच आकड्यात बसतात. एचपीएलसी नावाच्या यंत्रावर प्रत्येक आम्ल वेगळं मोजता येतं. डबीवर "एचपीएलसीने इतकं" आणि एकेबीए किती ते लिहिलेलं असेल तर माझा विश्वास जास्त.

शंभर मिग्रॅवाल्या चाचणीशी तुमची डबी ताडून पाहायची नाही, ती चीजच वेगळी. त्यात 30 टक्के एकेबीए, म्हणजे 100 मिग्रॅमध्ये 30 मिग्रॅ. साध्या अर्कात एकेबीए काही टक्केच असतं. समजा 2 टक्के असेल तर तुमच्या एका ग्रॅममध्ये 20 मिग्रॅ आलं. बाजारात ग्लुकोसामाइन, एमएसएम आणि "बॉस्वेलिया 100 मिग्रॅ" अशा एकत्र गोळ्या मिळतात, त्यावर एकेबीएचा उल्लेखही नसतो. त्या गोळीतले 100 मिग्रॅ आणि चाचणीतले 100 मिग्रॅ यांचा काही संबंध नाही. अशा गोळीत एमएसएमही अडीचशे मिग्रॅच्या आसपास असतं. दोन गोळ्या घेतल्या तरी अर्धा ग्रॅम. त्याने पोट बिघडणार नाही, आणि चाचण्यांतल्या दीड ते सहा ग्रॅमांच्या तो जवळपासही जात नाही.

वैद्य_सत्तरी
भेसळीचं म्हणाल तर पूर्ण पाठिंबा. आणखी एक भर घालते. "सांधेदुखीवर जादूचं चूर्ण" म्हणून पुडीत मिळणारं काहीही घेऊ नका. दोन दिवसांत चमत्कार झाला तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता आधी पाहायची. खरी शल्लकी दोन दिवसांत काम करत नाही. चेहरा गोल होऊन साखर वाढलेले पेशंट मी पाहिलेत. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

संपूर्ण डिंकाविषयीचं माझं म्हणणं मात्र मी मागे घेत नाही.

रामनाथी
एमएसएमच्या चाचण्या राहिल्या. आणि मला सल्फाची ॲलर्जी आहे, मग एमएसएम चालतं का? त्यातही गंधक आहे म्हणतात.

फार्मा_बांदोडा
सल्फाची ॲलर्जी ही त्या विशिष्ट गटाच्या औषधांच्या रेणूची असते, गंधक या मूलद्रव्याची नाही. गंधक तर अंड्यात, डाळीत आणि आपल्या शरीरातही आहे. त्या ॲलर्जीमुळे एमएसएम टाळावंच लागतं असं नाही. तरी तुमच्या डॉक्टरांना सांगून ठेवा.

चाचण्या शल्लकीपेक्षाही पातळ आहेत. 2006 मध्ये अमेरिकेत 50 लोकांवर, 3 ग्रॅम दोनदा, बारा आठवडे. दुखणं आणि हालचाल थोडी सुधारली, आखडणं सुधारलं नाही. 2011 मध्ये इस्रायलमध्ये 49 लोकांवर, सव्वा ग्रॅमहूनही थोडं कमी असं दिवसातून तीनदा, एकूण 3.4 ग्रॅमच्या आत-बाहेर, तेही बारा आठवडे. फरक पडला पण इतका लहान की पेशंटला तो जाणवतो का याबद्दल संशोधकांनी स्वतःच शंका लिहिली. 2004 मध्ये आपल्याकडे 118 लोकांवर अर्धा ग्रॅम तीनदा, एकट्याने आणि ग्लुकोसामाइनबरोबर देऊन पाहिलं होतं, त्यात फायदा दाखवला आहे. दीड ग्रॅमला फायदा आणि सव्वातीनला जेमतेम, याची संगती मला लागत नाही. तीन महिन्यांपलीकडे रोज घेतल्यावर काय होतं याची माहितीही फारशी नाही.

गणित_मडगाव
आणि दोन्ही एकत्र? शेवंतीताईंच्या आईने तेच केलंय.

फार्मा_बांदोडा
इटलीत 2016 च्या सुमारास 120 लोकांवर झालंय. एमएसएम 5 ग्रॅम अधिक बॉस्वेलिक आम्लं, समोर ग्लुकोसामाइन. जोडीचा निकाल बरा आला. पण आम्लांचं प्रमाण पाहा: 7.2 मिग्रॅ. आईच्या एका कॅप्सूलमध्ये लेबलप्रमाणे 325 आहेत. त्या चाचणीत शल्लकी जवळजवळ नावालाच होती आणि साखरेच्या गोळीचा गट नव्हता. त्यावरून "दोन्ही एकत्र घेतलं की जास्त फायदा" असं म्हणता येत नाही.

साळावली_काठ
माझ्या बाबांची हृदयाची झडप बदललीय, ते रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतात. त्यांचेही गुडघे दुखतात. त्यांना शल्लकी सुरू केली तर?

फार्मा_बांदोडा
नको. वॉरफरिनवर असलेल्या लोकांत बॉस्वेलियामुळे आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचं माप, वाढल्याचे अहवाल आहेत. संख्या थोडी आहे, पण कृत्रिम झडपेच्या माणसाला रक्त जास्त पातळ होऊनही चालत नाही आणि घट्ट होऊनही. एमएसएमचंही त्यांच्या बाबतीत धाडस करू नका. ॲसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या तर वॉरफरिनबरोबर आणखी धोक्याच्या, रक्तस्राव होऊ शकतो. लावायचा जेलसुद्धा त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आधीच चोरून शल्लकी घेत असतील तर रागावू नका, आयएनआर लगेच करून घ्या.

साळावली_काठ
घेत नाहीत, विचारत होते. त्यांना हे वाचून दाखवते.

शेवंती_डिचोली
कळवायला उशीर झाला. पावडर बंद केल्यावर आठवड्याच्या आत पातळ होणं थांबलं. कॅप्सूल चालूच होत्या, फक्त जेवणानंतर. जळजळ मात्र राहिली, अगदी तुम्ही म्हणालात तशी. डॉक्टरांनी रात्रीची गोळी बंद केली, थोडे दिवस आम्ल कमी करणारी गोळी आणि लावायला जेल दिला. क्रिएटिनिन ठीक आलं. आता जळजळही नाही.

खात्री करायला पावडर पुन्हा सुरू करून पाहिली, डॉक्टरांना विचारूनच. या वेळी वजन करून, दीड ग्रॅम दुपारी आणि दीड ग्रॅम रात्री जेवल्यावर. पोट शांत राहिलं. आतेभावाला बरं वाटावं म्हणून आईने अडीच ग्रॅम दोनदा केलं, तर परत पोट फुगून पातळ. आता ती डबी तिने स्वतःच कपाटाच्या वर ठेवली, कारण गुडघ्याला त्याने काही वेगळं वाटलंच नाही.

गुडघा आता बरा आहे. पायऱ्या उतरून आल्यावर शून्य ते दहामध्ये किती दुखतं ते ती रोज कॅलेंडरवर लिहिते. आधी सहा-सात असायचं, आता चार, कधी तीन. पण जेलही चालू आहे, मांडीचे व्यायामही करतेय, शल्लकीलाही दोन महिने होऊन गेले. श्रेय कुणाचं?

वैद्य_सत्तरी
शल्लकीचं. दोन महिन्यांनी गुण येणं हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. बदलू नका.

गणित_मडगाव
व्यायामाचं, असं मला वाटतं. मांडीचे स्नायू बळकट व्हायलाही एवढेच आठवडे लागतात.

फार्मा_बांदोडा
इथे बसून कुणालाच सांगता येणार नाही. कळून घ्यायचं असेल तर व्यायाम आणि जेल तसंच ठेवून एकटी शल्लकी थांबवा आणि कॅलेंडर लिहीत राहा. पण पंधरा दिवसांत निकाल लावू नका. 2007 च्या चाचणीत ती बंद केल्यावरही महिनाभर परिणाम टिकला होता, म्हणून निदान दोन महिने पाहा. आकडा परत सहाकडे सरकला तर पुन्हा सुरू करा. चारवरच राहिला तर तेवढे पैसे वाचले. या दोन महिन्यांत गुडघ्यावर नवा भार नको, नाहीतर वाढलं तरी कशाने वाढलं ते कळणार नाही.

शेवंती_डिचोली
म्हणजे शिगमो आणि जत्रांचे दिवस सोडून करायला हवं, तेव्हा ती कुणाचं ऐकत नाही. उरलेल्या कॅप्सूल या महिन्याच्या अखेरीस संपतील. तिथेच थांबवते आणि दोन महिन्यांनी इथेच आकडे टाकते.